नोटीस बोर्डवरचं क्रिएटिनचं पान: शंका पाच, साठा एक

प्रश्न: "मी एका जिममध्ये ट्रेनर आहे. नवीन मेंबर आले की क्रिएटिनबद्दल तेच पाच प्रश्न रोज विचारतात. लोडिंग करायलाच हवं का, अंगात पाणी भरून सूज येते का, बंद केलं की कमावलेलं सगळं उतरतं का, किडनी खराब होते का आणि केस गळतात का. नोटीस बोर्डवर प्रश्नोत्तरांचं एक पान लावायचं ठरवलंय. कुणी घाबरणार नाही आणि कुणाला चुकीची खात्रीही दिली जाणार नाही, असं काय आणि कसं लिहू?"

उत्तर:

सतरा वर्षं मी लोकांना व्यायाम शिकवतोय, आणि असं पान मी तीनदा लिहून बदललं आहे. पहिल्या पानावर प्रत्येक प्रश्नापुढे फक्त "हो" किंवा "नाही" होतं. ते वाचूनही लोक पुन्हा माझ्याकडेच येत. "किडनी खराब होत नाही" असं वाचलेल्या माणसाच्या हातात दोन महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट यायचा, त्यात एक आकडा लाल अक्षरात असायचा, आणि पानावरचा त्याचा विश्वास तिथेच संपायचा. पुढे कुठे काय दिसेल हे मी त्याला आधी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून एक नियम पाळतो: निकाल कमी लिहायचा, आणि शरीरात काय घडतं व ते वजनकाट्यावर, आरशात किंवा रिपोर्टात कसं दिसतं हे जास्त लिहायचं.

तुमच्या पाच प्रश्नांपैकी चार प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात. म्हणून पानाच्या डोक्यावर, प्रश्न सुरू होण्याआधी, मी ती गोष्ट चार ओळींत लिहितो:

"क्रिएटिन आपल्या शरीरात आधीपासून असतं. शरीर ते स्वतः बनवतं आणि मांस-माशांतूनही मिळतं. त्यातलं जवळजवळ सगळं स्नायूंमध्ये साठवलेलं असतं. पावडर घेतल्याने हा साठा थोडा वाढतो, आणि जड सेटमध्ये शेवटचे एक-दोन रेप्स निघायला त्याची मदत होते."

'साठा' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. नवीन मुलं क्रिएटिनकडे चहा-कॉफीसारखं पाहतात: घेतलं की तासाभरात जोर आला पाहिजे. ते तसं चालत नाही. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा एटीपी नावाचं इंधन वापरतो, आणि ते स्नायूत जेमतेम दोन-तीन सेकंद पुरेल इतकंच असतं. ते संपत असताना फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे साठ्यातल्या क्रिएटिनचंच एक रूप, त्याची लगेच भरपाई करतं. ही सोय साधारण दहा सेकंदांच्या जोरदार कामापुरती असते. म्हणून स्क्वॉटच्या पाच-सहा रेप्सच्या सेटला, छोट्या स्प्रिंटला किंवा दोन सेटमधल्या विश्रांतीत पुन्हा ताजंतवानं व्हायला त्याचा उपयोग होतो. तासभर ट्रेडमिलवर चालणाऱ्याला फरक जाणवणार नाही, आणि हे पानावर लिहिलेलं बरं.

साठ्याचा अंदाजही द्या. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात सुमारे १२० ग्रॅम क्रिएटिन असतं. त्यातलं दीड ते दोन टक्के, म्हणजे साधारण दोन ग्रॅम, रोज आपोआप क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थात बदलतं आणि लघवीवाटे बाहेर जातं. तेवढंच रोज बनतं आणि जेवणातून येतं, त्यामुळे साठा स्थिर राहतो. हे दोन आकडे लक्षात असले की पुढची उत्तरं पाठ करावी लागत नाहीत.

लोडिंग

तुम्ही कदाचित किडनीचा प्रश्न सर्वात वर ठेवाल. मी लोडिंगपासून सुरू करतो, कारण साठा ही कल्पना इथे सगळ्यात सोपी कळते. लोडिंग म्हणजे साठा लवकर भरणं, इतकंच. दर किलो वजनामागे रोज ०.३ ग्रॅम या हिशोबाने सत्तर किलोच्या माणसाला सुमारे २० ग्रॅम. ते चार वेळा विभागून पाच ते सात दिवस घ्यायचं, आणि मग रोज ३ ते ५ ग्रॅम. १९९६ साली हल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच पद्धत आणि रोज ३ ग्रॅमची संथ पद्धत समोरासमोर ठेवली. सहा दिवस २० ग्रॅम घेणाऱ्यांचा साठा जिथे पोचला, जवळपास तिथेच २८ दिवस ३ ग्रॅम घेणाऱ्यांचाही पोचला.

म्हणजे प्रश्न फक्त घाईचा आहे. तीन आठवड्यांवर स्पर्धा असलेल्या खेळाडूला घाई असू शकते. नवीन मेंबरला ती नसते. त्याला अजून स्क्वॉट करताना गुडघे कुठे जावेत हेही नीट जमलेलं नसतं, आणि पहिल्या दोन महिन्यांत त्याची ताकद क्रिएटिनशिवायही भराभर वाढणारच असते. शिवाय लोडिंगमध्येच पोट बिघडण्याच्या तक्रारी जास्त येतात. एका वेळी दहा ग्रॅम पोटात गेलं तर बऱ्याच जणांना जुलाब होतात, कारण आतड्यात न शोषलेली पावडर पाणी ओढून घेते. आमच्याकडे एका मुलाने "दिवसाचे वीस" हा सल्ला ऐकून ते सकाळीच एका ग्लासात एकदम घेतले आणि दुपारपर्यंत बेजार झाला. त्यानंतर मी पानावर लोडिंगचा तक्ता देणंच बंद केलं. आता लिहितो:

"लोडिंग गरजेचं नाही. रोज ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट, दिवसात कधीही, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. साठा भरायला साधारण चार आठवडे लागतात. त्याआधी फरक जाणवला नाही म्हणून डोस वाढवू नका."

"दिवसात कधीही" हे शब्द ठेवाच. व्यायामाआधी की नंतर, यावर मुलं तासन्‌तास वाद घालतात. महिनाभर भरायच्या साठ्यात अर्ध्या तासाने फरक पडत नाही. विसरायला होणार नाही अशी वेळ हीच योग्य वेळ. "सुट्टीच्या दिवशीसुद्धा" हेही म्हणूनच, कारण साठ्यातून रोजचे दोन ग्रॅम रविवारीही जातातच.

ग्रॅमबद्दल एक सूचना. डब्यातला चमचा किती ग्रॅमचा आहे हे लेबलवर असतं, पण चमचा सपाट भरला की शिगोशीग, यावर बराच फरक पडतो. जिममध्ये एक छोटा डिजिटल काटा ठेवा आणि प्रत्येकाला एकदाच आपला चमचा मोजून पाहू द्या. पावडर गार पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी रवाळ थर राहतो. मुलं तो तसाच टाकून देतात आणि मग पाचऐवजी तीन ग्रॅमच पोटात जातं. कोमट पाणी घ्यायचं, किंवा तळाशी राहिलेलं पुन्हा पाणी घालून प्यायचं. पाण्यात मिसळून दिवसभर बाटलीत मात्र ठेवू नये, ते हळूहळू क्रिएटिनिनमध्ये बदलत जातं.

मोनोहायड्रेट हेच नाव का लिहायचं, तर जवळजवळ सगळा अभ्यास त्याच्यावर झालेला आहे. बाजारात याहून महागडे प्रकार असतात, पण ते जास्त चांगले ठरलेले नाहीत. इथिल एस्टर नावाचा प्रकार तर शरीरात गेल्यावर मोठ्या प्रमाणात क्रिएटिनिन होऊन जातो. आणि ज्या डब्यावर दहा घटकांचं 'मिश्रण' लिहिलंय पण त्यात क्रिएटिन किती ग्रॅम हे लिहिलेलं नाही, तो घेऊ नका असं मी तोंडी सांगतो. डोसच कळत नसेल तर बाकी चर्चा व्यर्थ आहे.

पाणी, वजन आणि सूज

क्रिएटिन स्नायूच्या पेशीत शिरतं तेव्हा सोबत पाणी नेतं. लोडिंग केलं तर आठवड्याभरात काट्यावर एक ते दोन किलो वाढलेलं दिसू शकतं. रोज तीन-पाच ग्रॅम घेतलं तर वाढ संथ असते आणि अनेकदा किलोभरातच थांबते. हे पाणी मुख्यतः पेशीच्या आत असतं. सूज म्हणतो ती वेगळी: तिथे पाणी पेशींच्या बाहेर, कातडीखाली साचतं. घोट्यापाशी अंगठा दाबून धरला आणि उचलल्यावर खड्डा तसाच राहिला तर ती सूज. अशी सूज दिसली तर क्रिएटिनवर ढकलून मोकळं होऊ नका, डॉक्टरकडे पाठवा.

या प्रश्नात नुकसान सगळ्यात जास्त होतं ते वजन कमी करायला आलेल्यांचं. एक बाई तीन महिने नेटाने जेवण सांभाळून सहा किलो उतरल्या होत्या. क्रिएटिन सुरू केल्यावर दहा दिवसांत काटा नऊशे ग्रॅम वर गेला. त्यांना वाटलं चरबी परत आली, आणि त्यांनी रात्रीचं जेवणच बंद केलं. मला कळेपर्यंत दोन आठवडे गेले होते आणि त्यांच्या उचलायच्या वजनात घट झाली होती. तेव्हा कंबरेचं माप घेतलं. ते वाढलं तर नव्हतंच, अर्धा सेंटिमीटर कमीच झालं होतं. नऊशे ग्रॅम चरबी दहा दिवसांत वाढायला रोज गरजेपेक्षा सुमारे सातशे कॅलरी जास्त खाव्या लागतात. त्या तर गरजेपेक्षा कमीच खात होत्या. हा हिशोब त्यांच्यासमोर कागदावर मांडला तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

म्हणून पानावर लिहा: "पहिल्या महिन्यात वजन अर्धा ते दीड किलो वाढू शकतं. ते स्नायूंतलं पाणी आहे. सुरू करण्याच्या दिवशी वजनासोबत कंबरेचं माप लिहून ठेवा." दुसरं वाक्य बरेच जण लिहितात, पण उपयोगाचं आहे ते तिसरं. आधीचं माप नसेल तर नंतर समजावायला हातात काही उरत नाही.

वजनी गटात खेळणारा कुणी असेल तर त्याला मात्र हे पाणी खरोखर अडचणीचं ठरू शकतं. स्पर्धा तोंडावर असताना त्याने सुरुवात करू नये.

बंद केल्यावर

इथे फार लिहायची गरज नाही. साठा जसा हळूहळू भरतो तसाच हळूहळू उतरतो, चार ते सहा आठवड्यांत पूर्वीच्या पातळीवर येतो. त्यासोबत ते किलोभर पाणी जातं, बाह्या किंचित सैल वाटतात आणि सेटच्या शेवटचा एखादा रेप पूर्वीसारखा जड जातो. क्रिएटिनच्या काळात जास्त काम करून जो स्नायू बनला, तो व्यायाम चालू असेपर्यंत राहतो. लोकांचा अनुभव वेगळा का असतो, तर बहुतेक जण क्रिएटिन आणि जिम एकाच दिवशी सोडतात. परीक्षा आली, बदली झाली, दोन्ही बंद. दोन महिन्यांनी दंड बारीक दिसतो आणि खापर फुटतं डब्यावर.

आठ आठवडे घ्या आणि चार आठवडे सोडा, असा 'सायकल'चा सल्लाही ऐकायला मिळेल. शरीर स्वतःचं क्रिएटिन बनवणं कायमचं विसरतं, या भीतीतून तो आला आहे. बाहेरून मिळत असताना शरीराची निर्मिती कमी होते हे खरं, पण घेणं थांबवल्यावर ती पुन्हा सुरू होते. चार आठवडे सोडण्याने फक्त महिनाभर भरलेला साठा रिकामा होतो.

किडनी

या प्रश्नावर तुमच्या पानाची निम्मी जागा द्या. घोटाळ्याचं मूळ दोन नावांत आहे: क्रिएटिन आणि क्रिएटिनिन. एका अक्षराचा फरक, आणि रिपोर्ट वाचताना घरचे दोन्ही एकच समजतात. क्रिएटिन हा साठा. क्रिएटिनिन म्हणजे त्या साठ्यातून रोज झिजून बाहेर पडणारा टाकाऊ भाग. किडनी तो गाळून बाहेर टाकते, म्हणून रक्तात तो किती उरला यावरून किडनी किती काम करते याचा अंदाज बांधतात. हा अंदाजच आहे, थेट मोजमाप नाही.

मी मोरीचं उदाहरण देतो. मोरीत पाणी साचलेलं दिसलं की आपण म्हणतो मोरी तुंबली. पण नळ मोठा सोडला असेल तर मोकळ्या मोरीतही थोडं पाणी साचलेलं दिसतं. रक्तातलं क्रिएटिनिन हे साचलेलं पाणी आहे. ते पाहून किडनीचा आकडा काढणारं सूत्र, ज्याला रिपोर्टवर ईजीएफआर म्हणतात, नळ सगळ्यांचा सारखाच चालू आहे असं धरून चालतं. त्यात वय आणि लिंग विचारात घेतात. माणूस क्रिएटिन घेतो का, त्याच्या अंगावर स्नायू किती आहेत, काल त्याने पायांचा जड व्यायाम केला का, हे त्या सूत्राला ठाऊक नसतं.

आमच्या एका मेंबरचं सांगतो, तपशील थोडे झाकून. वय २७, तीन महिने रोज ५ ग्रॅम घेणारा. क्रिएटिन सुरू करण्याआधीच्या वर्षीच्या तपासणीत क्रिएटिनिन १.१ होतं. या वर्षी ऑफिसच्या आरोग्य तपासणीत १.४ आलं, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मापात. याच सूत्राच्या २०२१ च्या आवृत्तीने या वयाच्या पुरुषासाठी १.१ चा अर्थ ईजीएफआर सुमारे ९४ आणि १.४ चा अर्थ सुमारे ७१ होतो. रिपोर्टवर ९० च्या खालचा आकडा वेगळ्या रंगात होता. घरी रडारड झाली, डबा कचऱ्यात गेला, आणि आईवडील जिममध्ये येऊन मला जाब विचारू लागले. त्यांचा राग मला चुकीचा वाटला नाही. मी त्याला सुरुवातीलाच हे सांगायला हवं होतं.

आता आकडा कसा वाढला ते पाहा. साठा १२० ग्रॅमवरून, समजा, २० टक्क्यांनी वाढून १४४ झाला. रोज झिजणारा भाग त्याच प्रमाणात दोनवरून सुमारे अडीच ग्रॅमकडे जातो. किडनी पूर्वीइतकीच साफसफाई करत असेल, तर रक्तातला आकडाही साधारण त्याच प्रमाणात वर जाईल: १.१ चा १.३ च्या आसपास. शिवाय आदल्या संध्याकाळी त्याने स्क्वॉट आणि डेडलिफ्टचे जड सेट केले होते. मेहनतीच्या व्यायामानंतर स्नायूंतून क्रिएटिनिन जास्त येतं. तिथून १.४ फार लांब नाही. सगळ्यांचा आकडा इतका वाढत नाही, अनेकांचा तर जेमतेम हलतो, पण असा वाढला तर त्यामागे ही कारणं असू शकतात.

पण असू शकतात म्हणजे आहेतच असं नव्हे. इथे ट्रेनरने स्वतःच निकाल द्यायचा मोह टाळायला हवा. "अरे, क्रिएटिनमुळे वाढतंच, सोड" असं मी म्हटलं असतं आणि त्याची किडनी खरंच आजारी निघाली असती, तर? सत्ताविसाव्या वर्षीही किडनीचे आजार होतात, आणि सुरुवातीला काहीच दुखत नाही. म्हणून त्याला डॉक्टरकडे पाठवलं आणि तीन गोष्टी आधी सांगायला लावल्या: रोज किती ग्रॅम क्रिएटिन घेतो, किती दिवस, आणि तपासणीच्या आदल्या दिवशी व्यायाम काय केला. डॉक्टरांनी दोन तपासण्या लिहून दिल्या. एक सिस्टॅटिन सी. हाही किडनी गाळून टाकणारा पदार्थ आहे, पण तो क्रिएटिनच्या साठ्यातून येत नाही. म्हणजे नळ मोठा असला तरी ही दुसरी खूण फसत नाही. दुसरी तपासणी लघवीतल्या अल्ब्युमिनची. किडनीची चाळणी फाटू लागली की हे प्रथिन लघवीत उतरतं, आणि ते क्रिएटिन घेतल्याने उतरत नाही. दोन्ही रिपोर्ट व्यवस्थित आले. डॉक्टरांच्या सांगण्याने त्याने सहा आठवडे क्रिएटिन बंद ठेवलं, तपासणीआधी दोन दिवस व्यायामाला सुट्टी दिली, आणि क्रिएटिनिन पुन्हा १.१ आलं. मग त्याने डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू केलं.

यातलं सहा आठवड्यांचं गणित लोक चुकतात. तपासणीच्या आदल्या दिवशी पावडर घेतली नाही म्हणजे झालं, असं त्यांना वाटतं. पण साठा उतरायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे एका दिवसाच्या खाड्याने आकडा फारसा बदलत नाही. आणि एक गोष्ट अजिबात करू नये: रिपोर्ट चांगला यावा म्हणून क्रिएटिन घेत असल्याचं डॉक्टरांपासून लपवणं. त्यांच्याकडे अचूक आकडा नेण्यापेक्षा खरी माहिती नेणं महत्त्वाचं आहे.

मग किडनी खराब होते का, याचं प्रामाणिक उत्तर असं: निरोगी किडनीच्या माणसांवर, नेहमीच्या डोसमध्ये, बरीच वर्षं झालेल्या अभ्यासांत नुकसान आढळलेलं नाही. या वाक्यातले 'निरोगी किडनीच्या' हे शब्द काढून टाकू नका. ज्याला किडनीचा आजार आहे, एकच किडनी आहे, मधुमेह किंवा रक्तदाब आहे, घरात किडनीच्या आजाराचा इतिहास आहे, किंवा जो वेदनाशामक गोळ्या वारंवार घेतो, त्याला ते अभ्यास लागू करता येत नाहीत. आणि आपली किडनी निरोगी आहे हे बहुतेकांनी तपासलेलं नसतं, फक्त धरलेलं असतं. म्हणून माझा नियम असा की सुरू करण्याआधी एकदा क्रिएटिनिन तपासून तो आकडा आपल्याकडे ठेवायचा. वरच्या मुलाकडे आधीच्या वर्षीचा १.१ होता म्हणून त्याची गोष्ट इतक्या सरळ सुटली.

पानावरचा मजकूर असा ठेवा: "क्रिएटिन घेत असताना रक्ततपासणीत क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं. त्याचा अर्थ किडनी बिघडली असा होतोच असं नाही, आणि बिघडली नाही असाही आपण ठरवायचा नाही. डॉक्टरांना क्रिएटिनबद्दल सांगा आणि सिस्टॅटिन सी व लघवीची तपासणी लागेल का ते विचारा."

याच्या खाली, शक्यतो लाल शाईत, खऱ्या धोक्याच्या खुणा लिहा: लघवीला सतत फेस, चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज, लघवी कमी होणं, आणि जबर व्यायामानंतर कोऱ्या चहासारखी गडद लघवी. शेवटची खूण दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. त्यात स्नायू तुटून त्यातले पदार्थ किडनीवर येतात, आणि ते क्रिएटिन न घेणाऱ्यालाही होऊ शकतं, विशेषतः बऱ्याच खंडानंतर पहिल्याच दिवशी शेकडो रेप्स मारणाऱ्याला. नवीन मेंबरांसाठी हा धोका पावडरपेक्षा खूप मोठा आहे.

केस

या भीतीचा उगम बराचसा एका अभ्यासात सापडतो. २००९ साली दक्षिण आफ्रिकेत २० रग्बी खेळाडूंना आठवडाभर रोज २५ ग्रॅम आणि पुढे दोन आठवडे रोज ५ ग्रॅम क्रिएटिन दिलं. पहिल्या आठवड्यानंतर त्यांच्या रक्तात डीएचटी हे संप्रेरक ५६ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. आनुवंशिक टक्कल पडण्यात डीएचटीचा हात असतो, म्हणून लोकांनी पुढची पायरी स्वतःच चढली. पण त्या अभ्यासात केस मोजलेच नव्हते, आणि वाढलेला आकडाही सामान्य मर्यादेतच होता. २०२५ मध्ये १२ आठवड्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात केसांचीही तपासणी केली होती. क्रिएटिन घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक दिसला नाही.

१२ आठवडे म्हणजे दहा वर्षं नव्हेत, हे मान्य करूनच लिहा. मी असं लिहितो: "क्रिएटिनमुळे केस गळतात याचा पुरावा आतापर्यंत मिळालेला नाही." मुलांशी बोलताना आणखी एक गोष्ट सांगतो. अनेक पुरुषांत आनुवंशिक टक्कल विशीत दिसू लागतं, आणि मुलं जिमला यायला लागतात तीही विशीतच. त्यामुळे दोन्ही गोष्टी एकत्र घडलेल्या दिसतात. ज्याच्या वडिलांचं किंवा मामाचं टक्कल लवकर पडलं आणि ज्याला केसांची फारच काळजी आहे, त्याने क्रिएटिन घेतलं नाही तरी बिघडत नाही. ते घेतल्याशिवाय व्यायाम अडत नाही, हे आपण ट्रेनरने स्पष्ट म्हणायला हवं. आपला डबा विकला जात असेल तर जास्तच.

पानाच्या तळाशी एक चौकट आखा आणि तिच्यात कुणी स्वतःच्या मनाने सुरू करू नये ते लिहा: अठरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, किडनीचा आजार असलेले, आणि रोजची औषधं चालू असलेले. अठराखालच्यांबाबत मतं वेगवेगळी आहेत, पण माझ्या जिममध्ये पालक आणि डॉक्टर दोघांचा होकार आल्याशिवाय मी हो म्हणत नाही. चौकटीशेजारी तीन रिकाम्या ओळी ठेवून त्याच्या छापील प्रती काउंटरवर ठेवा: सुरू केल्याची तारीख, त्या दिवशीचं वजन आणि कंबर, आणि सुरू करण्याआधीचं क्रिएटिनिन. मेंबरने ती चिठ्ठी भरून घरी न्यायची आणि पुढची रक्ततपासणी असेल तेव्हा रिपोर्टसोबत डॉक्टरांना दाखवायची.